शोरूमचं कर्ज '11 टक्के' म्हणे, पण आकडे जुळत नाहीत: 125 सीसी स्कूटरचं कोटेशन

स्वाती_सातारकर

नमस्कार मंडळी. नोकरीच्या ठिकाणी जायला स्कूटर घ्यायची आहे. घरापासून कंपनी चौदा किलोमीटर, दुसऱ्या पाळीला एसटी मिळत नाही. शोरूममध्ये जाऊन कोटेशन आणलं. तिथेच फायनान्सवाल्याचं टेबल आहे, त्याने दहा मिनिटांत कर्ज "पास" केलं. मी अजून एक रुपयाही भरलेला नाही.

कोटेशन असं आहे. एक्स-शोरूम 88,000. आरटीओ 11,200. विमा 8,400. अ‍ॅक्सेसरीज 3,900. हँडलिंग आणि इतर 1,500. ऑन-रोड एकूण 1,13,000.

कर्ज 90,000, मुदत 24 महिने, व्याज 11 टक्के, हप्ता 4,575. डाऊन पेमेंट 32,575 सांगितलं.

आता माझा गोंधळ. 1,13,000 मधून 90,000 वजा केले तर 23,000 उरतात. मग 32,575 कशाचे? विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, त्यात प्रोसेसिंग, डॉक्युमेंट, लोन सुरक्षा विमा आणि पहिला हप्ता आला, नंतर काही भरायचं नाही." दुसरं म्हणजे, माझ्या पगाराच्या बँकेत 14 टक्के सांगितले. मग शोरूमचं 11 टक्के स्वस्तच झालं ना? पण फोनवर ईएमआय काढायचं अ‍ॅप आहे, त्यात 90,000, 11 टक्के, 24 महिने टाकले तर हप्ता 4,200 च्या आत येतो, 4,575 येत नाही. कुठे चुकतंय?

दत्तूअण्णा

पोरी, एवढं कर्ज काढून पेट्रोलची गाडी कशाला? चौदा किलोमीटर म्हणजे इलेक्ट्रिकलाच योग्य अंतर. माझ्या पुतण्याने घेतली, रात्री चार्जिंगला लावतो, पेट्रोलपंप विसरला.

स्वाती_सातारकर

अण्णा, आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली पार्किंगमध्ये प्लग नाही आणि घरमालक बसवू देत नाहीत. म्हणून तो विषय आधीच संपला. मला कर्जाचं समजून घ्यायचंय.

जुना_लोनडेस्क

ताई, तुमचं अ‍ॅप बरोबर आहे. मी काही वर्षं वाहनकर्जाच्या टेबलवर बसून हेच आकडे लिहून दिलेत, त्यामुळे हा कागद मला ओळखीचा आहे.

तो म्हणतोय ते 11 टक्के "फ्लॅट" आहेत. म्हणजे 90,000 वर दोन्ही वर्षं पूर्ण व्याज लावलं: 9,900 अधिक 9,900, एकूण 19,800. ते मुद्दलात मिळवून 1,09,800 झाले, भागिले 24, हप्ता 4,575. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार. वर्षभराने तुमच्याकडे त्यांचे निम्म्याच्या आसपास पैसे उरलेले असतील, तरी व्याज मात्र पूर्ण 90,000 वर मोजलेलं. बँकेने सांगितलेले 14 टक्के घटत्या शिल्लकीवरचे असणार, जेवढं उरलंय तेवढ्यावरच. हे दोन दर एकमेकांशेजारी ठेवून तुलना करताच येत नाही.

तुमचं 11 टक्के फ्लॅट घटत्या शिल्लकीवर आणलं तर 19.9 टक्के होतं. म्हणजे बँकेच्या 14 समोर 19.9. आणि हे फक्त हप्त्यापुरतं. तुमच्या 32,575 मध्ये जे लपलंय ते अजून यात आलेलंच नाही. प्रोसेसिंग, डॉक्युमेंट आणि तो सुरक्षा विमा यांचे वेगवेगळे आकडे मिळतील का?

रोहित_डिलिव्हरी

फ्लॅटचं सोपं आहे, दुप्पट करायचं. 11 चे 22. आमच्या ग्रुपवर सगळे असंच मोजतात.

जुना_लोनडेस्क

रोहित, घाईत अंदाजाला चालेल, पण दुप्पट नेहमी थोडं जास्त दाखवतं. इथे 22 नाही, 19.9 आहे. मुदत आणि दर वाढले की फरकही वाढतो. आणि त्या हिशेबात फी धरली जात नाही, खरी गंमत तर फीमध्येच असते. म्हणून दुप्पट करून थांबू नये.

स्वाती_सातारकर

फोन करून विचारलं. प्रोसेसिंग फी 2,700. डॉक्युमेंट आणि स्टॅम्प 900. लोन सुरक्षा विमा 1,400. मिळून 5,000. पहिला हप्ता 4,575 डिलिव्हरीच्या दिवशीच घेणार, त्याला "अ‍ॅडव्हान्स ईएमआय" म्हणाला. नंतर 23 हप्ते.

म्हणजे 23,000 + 5,000 + 4,575 = 32,575. आकडा आता जुळला. पण मग यातले 9,575 रुपये स्कूटरच्या किमतीत कुठेच जात नाहीत?

जुना_लोनडेस्क

नेमकं तेच. शोरूममध्ये "डाऊन पेमेंट" हा शब्द सैल वापरतात. गिऱ्हाईक समजतं की 32,575 भरले म्हणजे गाडीची तेवढी किंमत फिटली. फिटली फक्त 23,000 ची.

आता असं बघा. कर्ज कागदावर 90,000 चं. पण त्याच दिवशी तुमच्याकडून 5,000 फी आणि 4,575 चा हप्ता परत घेतला. म्हणजे तुमच्या हाती खरं आलं 80,425. ते वापरायला तुम्ही पुढचे 23 महिने दरमहा 4,575 देणार, एकूण 1,05,225. जास्तीचे गेले 24,800 रुपये. घरी कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलच्या शीटमध्ये हे टाका:

```
=RATE(23,-4575,80425)*12
```

उत्तर 0.284 च्या आसपास येईल, म्हणजे 28.4 टक्के. तीन घटक तेवढे द्यायचे: किती हप्ते उरले, हप्ता किती, हाती खरी किती रक्कम आली. हप्त्याआधी वजाचं चिन्ह ठेवायला विसरू नका, नाहीतर चूक दाखवतं.

टप्प्याटप्प्याने बघितलं तर कोण किती खातंय ते कळतं. नुसत्या फ्लॅटमुळे 19.9. पहिला हप्ता आगाऊ घेतल्यामुळे 21.7. आणि पाच हजारांच्या फीमुळे 28.4. पाच हजार म्हणजे नव्वद हजारांच्या तुलनेत किरकोळ वाटतात, पण कर्ज छोटं आणि मुदत दोनच वर्षं, म्हणून त्यांचा भार एवढा पडतो. हीच फी पाच वर्षांच्या मोठ्या कर्जावर असती तर दर एवढा उसळला नसता.

हिशेबी_पक्या

28 टक्के म्हणजे उगाच घाबरवणं आहे. साधं गणित करा. 90,000 वर 24,800 जास्त गेले, म्हणजे साडेसत्तावीस टक्के, तेही दोन वर्षांत. वर्षाला पावणेचौदा. बँकेच्या 14 एवढंच झालं. आणि शोरूमला दहा मिनिटांत काम होतं, बँकेत चार खेटे.

जुना_लोनडेस्क

पक्याभाऊ, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण भाजक चुकलाय. दोन वर्षं 90,000 तुमच्याकडे राहिले आणि शेवटी एकदम परत दिले, तर पावणेचौदा खरे. इथे पहिल्याच दिवशी हातात 80,425, आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम एका हप्त्याएवढे. सगळ्या महिन्यांची सरासरी काढली तर स्वातीताईंच्या वापरात साडेपंचेचाळीस हजारांच्या आसपास पैसे राहतात. त्यावर वर्षाला जवळपास तेरा हजारांचा खर्च. आता टक्के काढा.

हिशेबी_पक्या

अं. सरासरीचा मुद्दा पटला. पण टक्क्यांनी पोट भरत नाही, रुपयात सांगा. बँकेत गेल्यावर किती वाचणार? दोन-तीन हजार वाचत असतील तर मी तरी रजा काढून खेटे घालणार नाही.

मीनल_कुलकर्णी

मी रुपयात मांडते. बँक: 90,000, 14 टक्के घटत्या शिल्लकीवर, 24 महिने, हप्ता 4,321. आगाऊ हप्ता नाही. फी जीएसटीसकट 1,180 धरली (आमच्या बँकेत एवढी लागली, स्वातीने तिची विचारून घ्यावी). दोन वर्षांत एकूण गेले 1,04,884.

शोरूम: 24 हप्ते 1,09,800, अधिक 5,000 फी, एकूण 1,14,800.

फरक 9,916 रुपये. आणि हप्त्यातला फरक बघितलात का? 4,575 आणि 4,321, फक्त 254 रुपये. गिऱ्हाईक हप्ता बघून ठरवतं, म्हणून दहा हजारांचा फरक डोळ्यात येतच नाही. माझ्या भाच्याने हप्ता "परवडतो" म्हणून सही केली, बाकी कुठलाही कागद वाचला नव्हता.

हिशेबी_पक्या

दहा हजार म्हणजे मग खेटे घालायला हरकत नाही. पण सगळ्यांना बँक देते का? माझ्याकडे पगाराची पावती नाही, भाजीचा गाळा आहे. बँकेने आयटी रिटर्न मागितलं आणि विषय तिथेच संपला. त्या टेबलवाल्यानेच मला गाडी दिली. त्याला शिव्या घालणं मला पटत नाही.

जुना_लोनडेस्क

हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. ज्याचा सिबिल इतिहासच नाही किंवा उत्पन्नाचा कागद नाही, त्याला बँक पटकन उभं करत नाही. फायनान्स कंपनी ती जोखीम घेते, तिची वसुलीची यंत्रणा वेगळी, खर्च वेगळा, म्हणून दरही जास्त असतो. माझा आक्षेप दरावर नाही, दर 11 सांगण्यावर आहे. 28 सांगा, मग ज्याला परवडेल तो घेईल.

स्वातीताईंकडे पगाराचं खातं आहे, म्हणजे त्यांच्यापुढे पर्याय आहे.

रोहित_डिलिव्हरी

माझी केस सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर. माझे पैसे कंपनीकडून दर महिन्याच्या 10 तारखेच्या पुढे येतात. कर्जाचा हप्ता 5 तारखेला ठेवला होता. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा बाऊन्स. फायनान्सवाल्याने त्याचा दंड लावला, वर माझ्या बँकेनेही वेगळा चार्ज कापला. एकाच चुकलेल्या हप्त्याला दोन्हीकडून मार. सही करताना तारीख विचारलीच नव्हती कुणी. नंतर अर्ज करून 15 करून घेतली, त्याचेही पैसे घेतले.

जुना_लोनडेस्क

तारीख सही करायच्या आधी ठरवून घ्यावी, तेव्हा फुकट होतं. आणि दंडाबद्दल एक: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांत उशिराबद्दल "दंडव्याज" म्हणून दर वाढवता येत नाही, ठरावीक दंड आकारावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. रोहित, तुझं स्टेटमेंट काढून बघ, दंडाच्या रकमेवर व्याज लागलेलं दिसलं तर लेखी तक्रार कर.

स्वाती_सातारकर

सगळ्यांचे आभार. आता दोन प्रश्न. एक, हे 28.4 मी त्या टेबलवाल्याला सांगितलं तर तो "मॅडम, कुठलं तरी एक्सेल" म्हणेल. कागदावर त्याच्याच कंपनीकडून हा आकडा मिळू शकतो का? दुसरं, ऑन-रोडमधले 11,200, 8,400, 3,900, 1,500 हे सगळं द्यावंच लागतं का?

जुना_लोनडेस्क

पहिल्याचं उत्तर मी देतो, दुसरं मीनलताई किंवा कुणी जाणकार देईल.

सही करण्याआधी त्यांच्याकडे "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा. केएफएस म्हणा, टेबलवाल्याला बरोबर कळेल. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढलं आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक झालं, बँक असो की फायनान्स कंपनी. त्यात "एपीआर" नावाचा एक वार्षिक दर द्यावाच लागतो, ज्यात फी धरलेली असते. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, त्यामुळे मराठीत मागितलं तर त्यात चुकीचं काही नाही. वाचून विचार करायला कमीत कमी तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्या काळात तुम्ही होकार दिला तर त्यात लिहिलेल्या अटी त्यांना पाळाव्या लागतात. म्हणजे "आजच सही करा, उद्या ऑफर संपते" याला फार अर्थ उरत नाही.

अजून एक कलम कामाचं आहे. केएफएसमध्ये न लिहिलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर घेता येत नाही. म्हणून तो कागद घरी जपून ठेवा.

दर किती लिहिलाय ते बघताना "व्याजदर" हा रकाना सोडून "एपीआर" शोधा.

विमा_सल्लागार_नाना

दुसऱ्या प्रश्नावर. आमचा धंदा विम्याचा, तेवढ्यापुरतं बोलतो. नव्या दुचाकीला 1 सप्टेंबर 2018 पासून थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे. 75 ते 150 सीसीला त्या भागाचा सरकारने ठरवलेला हप्ता 3,851 रुपये, वर जीएसटी. हा कुठल्याही कंपनीत तेवढाच, त्यात घासाघीस नाही. तुमची स्कूटर 125, म्हणजे याच गटात.

उरलेली रक्कम गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, मालकाचा अपघात विमा आणि झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता मिळणारी भरपाई, वगैरे. फरक इथे पडतो. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. बाहेरून त्याच अटींचं कोटेशन काढा आणि झिरो डेप दोन्हीकडे आहे ना हे बघून तुलना करा. मालकाचा 15 लाखांचा अपघात विमा दुसऱ्या गाडीवर आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नसते.

फक्त एक काळजी. कर्ज काढलंय तेव्हा पॉलिसीवर फायनान्सवाल्याचं किंवा बँकेचं नाव यायला हवं, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशी अडवतात.

मीनल_कुलकर्णी

आरटीओचं: महाराष्ट्रात 100 ते 299 सीसीच्या दुचाकीला एकरकमी कर 11 टक्के. 88,000 वर 9,680. त्यावर रस्ता सुरक्षेचा थोडा उपकर, मग नोंदणी फी, कर्जाचा बोजा चढवायची फी आणि आरसी कार्डाचे पैसे. सगळं धरून मला अकरा हजारांच्या आतच बसतं. 11,200 म्हणजे दोन-तीनशे रुपये वर. भांडण करण्याएवढं नाही, पण कराची आणि फीची पावती ऑनलाइन निघते, ती मागा. पावती मागितली की आकडा आपोआप नीट होतो, असा माझा अनुभव आहे.

1,500 च्या "हँडलिंग" मात्र मी एक पैसा देणार नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं हा विक्रेत्याचा खर्च आहे. "ही कसली फी, पावतीवर काय लिहिणार?" एवढंच विचारा.

अ‍ॅक्सेसरीज हव्या त्या घ्या. मॅट आणि सीट कव्हर बाहेर निम्म्यात मिळतात. पण बाजूचा गार्ड शोरूममधूनच बसवलेला बरा, बाहेरचे कधी कधी बोल्ट नीट बसवत नाहीत. नवीन दुचाकीसोबत हेल्मेट द्यायचं असतं, त्याचे वेगळे पैसे लावलेत का तेही बघ.

रोहित_डिलिव्हरी

आमच्याकडे तर म्हणाले अ‍ॅक्सेसरीज किट घेतल्याशिवाय गाडीच बुक होणार नाही. आणि मित्र पूर्ण रोख घेऊन गेला तर "रोखीला वेटिंग आहे, फायनान्स केलं तर परवा मिळेल." हे चालतं का?

जुना_लोनडेस्क

चालू नये, पण घडतं. प्रत्येक कर्जामागे फायनान्स कंपनीकडून शोरूमला काही मोबदला मिळतो, आणि टेबलवरच्या पोरांना महिन्याचं टार्गेट असतं. रोखवाल्याकडून त्यातलं काही मिळत नाही. लेखी कुणी देणार नाही की रोखीला वेटिंग आहे. म्हणून लेखी मागायचं, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे जायचं. साताऱ्यात जमलं नाही तर कराड आहे. महिनाअखेरीला डीलरलाही आकडा भरायचा असतो, त्यावेळी सूर बदलतो.

हिशेबी_पक्या

मी एक वेगळा मार्ग सुचवतो. शोरूमचंच कर्ज घ्या, वर्षभराने बोनस आला की एकरकमी फेडून टाका. निम्मे हप्ते भरले म्हणजे निम्मंच मुद्दल उरणार, 45,000. उरलेलं व्याज वाचलं.

मीनल_कुलकर्णी

निम्मे हप्ते भरल्यावर निम्मं मुद्दल उरत नाही. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो. माझ्या भाच्याचं तेच झालं. तो 45 घेऊन गेला आणि समोर जवळपास 49 हजारांचं पत्र ठेवलं. स्वातीच्या आकड्यांतही 12 हप्ते भरल्यावर साधारण 49,000 उरतील. वरून मुदतपूर्व बंद करायची फी. भाच्याला 4 टक्के आणि त्यावर जीएसटी होता. या हिशेबाने 2,300 च्या आसपास होतात. पुढचे 12 हप्ते भरले असते तर 54,900 गेले असते. म्हणजे वाचले साडेतीन हजार. काहीच नाही असं नाही, पण पक्या म्हणतो तसं "उरलेलं व्याज" पूर्ण वाचत नाही. शिवाय 5,000 ची फी तर आधीच गेलेली, ती परत येत नाही.

हिशेबी_पक्या

पण रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्व फेडीचा चार्ज बंद केलाय ना? पेपरात वाचलं होतं.

जुना_लोनडेस्क

तो निर्णय बदलत्या दराच्या कर्जांसाठी आहे, 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या. दुचाकीची कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात, ती त्यात बसत नाहीत. म्हणून करारात चार्ज किती लिहिलाय आणि किती महिन्यांपर्यंत बंद करूच देत नाहीत, हे वाचावंच लागतं.

स्वाती_सातारकर

आज पुन्हा शोरूमला जाऊन आले. केएफएस मागितल्यावर टेबलवरच्या मुलाने आधी "ते सही झाल्यावर मेलवर येतं" सांगितलं. मी म्हटलं, मग सही नंतरच करू. अर्ध्या तासाने प्रिंट दिली. त्यात व्याजदर 19.87 टक्के लिहिलाय, 11 कुठेच नाही. एपीआर 26.5 टक्के. तुमच्या 28.4 पेक्षा कमी का? आता मी कुणाचं धरू?

जुना_लोनडेस्क

फीचा रकाना नीट वाचा. प्रोसेसिंग 2,700 आणि डॉक्युमेंट 900 दिसतायत का, आणि सुरक्षा विम्याचे 1,400 कुठे लिहिलेत? मी ते 1,400 वगळून काढलं तर बरोबर 26.5 येतं. म्हणजे विमा त्यांनी एपीआरच्या बाहेर ठेवलाय.

कर्जासोबत दुसऱ्या कंपनीच्या वतीने घेतलेली विम्याची रक्कमसुद्धा एपीआरमध्ये धरायची आणि वेगळी दाखवायची, असं परिपत्रकात आहे. ते कदाचित म्हणतील की विमा ऐच्छिक आहे, ग्राहकाने स्वतः घेतला. तसं म्हणाले तर उत्तम, मग "मला नको" म्हणा आणि 1,400 कमी करून घ्या. ऐच्छिक असेल तर काढता आला पाहिजे, सक्तीचा असेल तर एपीआरमध्ये आला पाहिजे.

स्वाती_सातारकर

केएफएसमध्ये प्रोसेसिंग आणि डॉक्युमेंट आहेत. विमा पान दोनवर, "ग्राहकाच्या विनंतीनुसार" असं छापलेलं. मी अशी विनंती केलेली नाही. ते त्याला दाखवलं, तो म्हणाला, "काढायला वरून परवानगी लागते, सांगतो."

बँकेतही विचारलं. 14 टक्के घटत्या शिल्लकीवर आहे हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, फी 1,180. मात्र त्यांना शोरूमचं सही-शिक्क्याचं कोटेशन हवं, आणि पैसे थेट डीलरच्या खात्यावर जातील. चार-पाच दिवस लागतील म्हणाले.

मीनल_कुलकर्णी

स्वाती, मग कर्जाची रक्कमसुद्धा कमी कर. 32,575 तुझ्याकडे तयार आहेतच ना? त्यातून बँकेची 1,180 फी गेली तरी 31,395 थेट गाडीच्या किमतीत जातील. हँडलिंग आणि अ‍ॅक्सेसरीज काढल्या तर ऑन-रोड 1,07,600. कर्ज लागेल 76,205. 14 टक्क्यांनी हप्ता 3,660 च्या आसपास. तेवढेच पैसे आज खिशातून जातात आणि हप्ता नऊशेने कमी होतो.

स्वाती_सातारकर

हे बघून आईच पहिल्यांदा म्हणाली की बँकेत जा. गार्ड मात्र घेणार, त्यामुळे थोडं वाढेल.

कोटेशन मागायला गेले तर बँकेच्या नावाने द्यायला तयार नाहीत. "सिस्टीममध्ये आपल्याच फायनान्सचं निघतं" म्हणे.

जुना_लोनडेस्क

सिस्टीममध्ये काहीही अडचण नसते, सगळ्या बँकांची नावं असतात. टेबलवरच्या पोराकडे न जाता सेल्स मॅनेजरला भेटा, बँकेचं आणि शाखेचं नाव लिहून अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तरी नाही म्हणाले तर गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला डीलरचं नाव घालून मेल करा. आणि कोटेशनवर हँडलिंगची ओळ नको हेही तेव्हाच सांगा. बँक ऑन-रोडच्या काही टक्केच देते, त्यामुळे त्यात फुगवलेल्या ओळी असतील तर बँकेचा अधिकारी स्वतःच विचारतो.

विमा_सल्लागार_नाना

कर्ज बँकेचं झालं तर पॉलिसीवर बँकेचं नाव घाला, फायनान्स कंपनीचं नको. शोरूमवाले जुन्या अर्जातलं नाव तसंच ठेवतात, मग आरसी वेगळी आणि पॉलिसी वेगळी होते.

स्वाती_सातारकर

नाना, बरं झालं सांगितलंत. उद्या पहिली पाळी आहे, तीन वाजता सुटल्यावर मॅनेजरकडे जाते अर्ज घेऊन.

रोहित_डिलिव्हरी

ताई, हप्त्याची तारीख पगारानंतरची घ्या.

लोनडेस्क दादा, स्टेटमेंट काढलं. दंडाच्या ओळीखाली पुढच्या महिन्यात "ओव्हरड्यू इंटरेस्ट" म्हणून 61 रुपये दिसतात. हे दंडावरचं व्याज की चुकलेल्या हप्त्यावरचं?

जुना_लोनडेस्क

नुसत्या त्या ओळीवरून सांगता येणार नाही. चुकलेल्या हप्त्यावर करारातल्या दराने व्याज लागू शकतं, दंडाच्या रकमेवर नाही. 61 रुपये कुठल्या रकमेवर आणि किती दिवसांचे, एवढं कंपनीकडून लेखी मागव. कर्ज कधीचं आहे तेही सांग, एप्रिल 2024 च्या आधीचं की नंतरचं?